सेक्शनल वार्पिंगच्या ड्रमवर सेन्सरलेस ड्राइव्ह: डीटीसी की व्हेक्टर, आणि दोघेही कुठे हरतात

सोलापुरी चादरीचे रंगीत पट्टे जुळवायला ताणा सेक्शनल वार्पिंगवर तयार करतात. पट्ट्या-पट्ट्यांनी धागे मोठ्या ड्रमवर भरले जातात आणि मग पूर्ण रुंदीचा ताणा ड्रमवरून उलगडत विणकामाच्या बीमवर जातो. या दुसऱ्या कामाला बीमिंग म्हणतात. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत अशा मशीनच्या ड्रमवरचा पट्ट्याचा ब्रेक काढून ड्रमची मोटरच ड्राइव्हवर ब्रेकसारखी वापरायची कल्पना निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्राइव्ह डीटीसीचा, म्हणजे डायरेक्ट टॉर्क कंट्रोलचा, घ्यायचा की व्हेक्टरचा? कॅटलॉगात दोन्हीकडे ‘शून्य वेगाला पूर्ण टॉर्क, एन्कोडरशिवाय’ असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते बीमच्या मोटरला लागू होतं. ड्रमच्या मोटरला होत नाही. तोच फरक इथे आकड्यांनिशी मांडला आहे.

दोन पद्धतींत नेमकं वेगळं काय

व्हेक्टर कंट्रोल १९७० च्या सुमारास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांच्या कामातून पुढे आलं. मोटरच्या करंटचे दोन भाग करायचे, एक फ्लक्स बनवणारा आणि दुसरा टॉर्क देणारा. दोघांना वेगवेगळ्या पीआय रेग्युलेटरने सांभाळायचं आणि शेवटी पीडब्ल्यूएममधून व्होल्टेज द्यायचं. हे भाग पाडायला रोटर फ्लक्सचा कोन माहीत असावा लागतो.

डीटीसीचा पाया १९८० च्या दशकात जपानमध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी आणि जर्मनीत डेपेनब्रॉक यांनी घातला. १९९५ मध्ये एबीबीने ACS600 मधून ते बाजारात आणलं. यात करंट रेग्युलेटर नाही, ठरलेली स्विचिंग फ्रिक्वेन्सीही नाही. स्टेटर फ्लक्स आणि टॉर्क काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने मोजत राहायचे. टॉर्क ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली गेला की तो वाढवणारा स्विचिंग व्हेक्टर, वर गेला की शून्य व्हेक्टर. सहा सक्रिय आणि दोन शून्य अशा आठ अवस्थांमधून दर वेळी एक निवडली जाते. त्यामुळे टॉर्क एक-दोन मिलिसेकंदात उडी घेतो.

साध्या डीटीसीची कमी वेगाला एक खास खोड आहे. वेग कमी असला की टॉर्क टिकवायला बहुतेक वेळ शून्य व्हेक्टरच पुरतो. त्या वेळात मोटरला व्होल्टेज मिळत नाही आणि स्टेटरच्या रेझिस्टन्समुळे फ्लक्स हळूहळू ओसरतो. फ्लक्स घसरला की तोच टॉर्क मिळवायला करंट वाढतो. आजच्या ड्राइव्हमध्ये यावर उपाय केलेले असतात, तरी कमी वेगाला मोटरचा आवाज खरखरीत येणं आणि करंट अपेक्षेपेक्षा जास्त दिसणं ही या खोडीची खूण आहे.

असे फरक असले तरी शाफ्टचा वेग मोजणारा एन्कोडर नसताना दोघांचं पोट एकाच गोष्टीवर भरतं. स्टेटरला दिलेल्या व्होल्टेजमधून करंट गुणिले रेझिस्टन्स वजा करायचा आणि उरलेल्याची बेरीज करत फ्लक्स काढायचा. उरलेला भाग म्हणजे मोटरचा बॅक ईएमएफ, आणि तो स्टेटर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. फ्रिक्वेन्सी शून्याकडे गेली की मोजायला काही उरतच नाही. इथे शाफ्टचा वेग शून्य असण्याशी संबंध नाही, स्टेटरची फ्रिक्वेन्सी शून्य असण्याशी आहे. बहुतेकांची चूक याच ठिकाणी होते.

पहिलं काम: आपल्या मशीनची स्टेटर फ्रिक्वेन्सी काढा

एक प्रातिनिधिक मशीन धरू. ड्रमचा व्यास ०.८ मीटर, म्हणजे परीघ साधारण २.५१ मीटर. बीमिंगचा एकूण ताण २००० न्यूटन, सुमारे तीन हजार टोकांच्या, म्हणजे धाग्यांच्या, ताण्याला चालेल असा. ड्रमची मोटर १५ किलोवॅट, चार पोल, ४१५ व्होल्ट, १४६५ आरपीएम. गिअर १:१०. वार्पिंगच्या वेळी हीच मोटर ड्रम वेगाने फिरवते, म्हणून गिअर यापेक्षा जास्त ठेवता येत नाही.

मोटरचा रेटेड टॉर्क सुमारे ९८ न्यूटन-मीटर. ड्रमवर ताणामुळे येणारा टॉर्क २००० × ०.४, म्हणजे ८०० न्यूटन-मीटर. गिअरमधून मोटरकडे ८० येतो, पण उलगडताना घर्षण आपल्या बाजूने असतं, त्यामुळे मोटरला साधारण ७४ धरावा लागतो. हा रेटेडच्या ७६ टक्के झाला.

रेटेड स्लिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या आणि रोटरच्या वेगातला फरक, १५००−१४६५ = ३५ आरपीएम, म्हणजे १.१७ हर्ट्झ. ७६ टक्के टॉर्कला स्लिप ०.८९ हर्ट्झ. आता हे सूत्र:

```
fs = p*n/60 ± fslip_n * (T/Tn)
p  = पोलच्या जोड्या (4 पोलला 2)
+  मोटर ओढते तेव्हा,  −  मोटर रोखते तेव्हा
```

४० मीटर प्रति मिनिट या नेहमीच्या बीमिंग वेगाला मोटर १५९ आरपीएमवर फिरते, म्हणजे रोटरची फ्रिक्वेन्सी ५.३ हर्ट्झ. त्यातून ०.८९ वजा केले तर स्टेटर ४.४ हर्ट्झवर चालतो. तिथे अडचण नाही.

टोक तुटल्यावर कामगार मशीन ५ मीटर प्रति मिनिटाने सरकवतो. मोटर २० आरपीएमवर, रोटर ०.६६ हर्ट्झवर. ०.६६ वजा ०.८९ म्हणजे उणे ०.२२ हर्ट्झ. मोटर पुढे फिरते आहे आणि चुंबकीय क्षेत्र अगदी संथपणे मागे. बरोबर शून्यावर यायचा वेग काढला तर ६.७ मीटर प्रति मिनिट निघतो. म्हणजे कामगाराला जो सरकवायचा वेग हवा आहे, तो नेमका या शून्य फ्रिक्वेन्सीच्या खड्ड्याच्या तोंडाशी आहे.

त्याच क्षणी समोर बीमची मोटर काय करते? ती ११ किलोवॅट, १४६० आरपीएम, गिअर १:१२ धरा आणि बीमही भरून ०.८ मीटरला आला आहे असं समजा. ५ मीटर प्रति मिनिटाला ती २४ आरपीएमवर फिरते, रोटर ०.८ हर्ट्झ. ती ओढते आहे आणि टॉर्क जवळजवळ शंभर टक्के आहे, म्हणून स्लिपचे १.३३ हर्ट्झ मिळवायचे. उत्तर २.१ हर्ट्झ. ताण तोच, ताण्याचा वेग तोच, पण एक मोटर निवांत चालते आणि दुसरी चाचपडते. म्हणून ‘बीमवर सेन्सरलेस छान चालला, मग ड्रमवर का नाही’ या प्रश्नाचं उत्तर ड्राइव्हच्या कंपनीत शोधू नका.

खड्ड्यात किती व्होल्ट उरतात

१५ किलोवॅट मोटरचा स्टेटर रेझिस्टन्स स्टार हिशेबाने साधारण ०.३ ओहम धरू. ७६ टक्के टॉर्कला करंट २२ अँपिअरच्या आसपास. रेझिस्टन्समधली घट ६.६ व्होल्ट. बॅक ईएमएफ दर हर्ट्झला साधारण ४.६ व्होल्ट, म्हणून ०.२२ हर्ट्झला फक्त १ व्होल्ट.

सकाळी ३० अंशांवर असलेली वाइंडिंग दुपारपर्यंत ९० अंशांवर गेली तर तांब्याचा रेझिस्टन्स तेवीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. ड्राइव्हला ते कळलं नाही तर चूक दीड व्होल्टची. मोजायची वस्तू एक व्होल्टची आणि चूक दीड व्होल्टची. ४.४ हर्ट्झला बॅक ईएमएफ २० व्होल्ट असतो, तिथे हीच चूक सात-आठ टक्क्यांवर येते आणि ताणावर फारशी जाणवत नाही.

दुसरी चूक आयजीबीटीच्या डेड टाईमची. ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर डीसी बस सुमारे ५८७ व्होल्ट असते. ३ मायक्रोसेकंद डेड टाईम आणि ४ किलोहर्ट्झ स्विचिंग धरलं तर सरासरी ७ व्होल्ट गळतात. ड्राइव्ह ही गळती भरून काढतो, पण सातपैकी अर्धा व्होल्ट जरी चुकला तरी एक व्होल्टच्या सिग्नलपुढे तो डोंगर आहे. स्विचिंग फ्रिक्वेन्सी वाढवली तर आवाज कमी होतो खरा, पण ही गळती त्याच प्रमाणात वाढते. कमी वेगाची अडचण असताना ती ८ किलोहर्ट्झवर नेऊ नका.

तिसरी चूक केबलची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल मीटरला सुमारे ३ मिलिओहम देते. पॅनल मशीनपासून ३० मीटरवर असेल तर ०.०९ ओहम, म्हणजे वाइंडिंगच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. ड्राइव्ह मोटरचे गुण स्वतः मोजून घेतो तो आयडी रन नेहमी कायमच्या केबलवरच करा. पॅनल हलवलं, केबल बदलली किंवा मोटर रिवाइंड होऊन आली, तर तो पुन्हा करावा लागतो.

ड्राइव्ह बसवताना, क्रमाने

१. नेमप्लेट जशीच्या तशी भरा. एबीबीच्या ACS880 मध्ये मोटरची माहिती पॅरामीटर 99.06 ते 99.11 मध्ये जाते आणि डीटीसी 99.04 मध्ये निवडला जातो. वेगाच्या जागी १५०० भरणारे वायरमन अजूनही भेटतात. मग ड्राइव्हच्या लेखी स्लिप शून्य होते आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. रिवाइंड केलेल्या मोटरची नेमप्लेट खरी आहे का, हे करंट मोजून तपासा.

२. आयडी रन मोटर थंड असताना आणि ती ड्रमपासून सुटी करून घ्या. 99.13 मध्ये पूर्ण फिरणारा रन निवडा. त्यात मोटर रेटेड वेगाच्या जवळ जाते, म्हणून जोडलेला ड्रम आणि त्यावर ताणा असताना तो करायचा नाही. कपलिंग काढणं शक्यच नसेल तर उभा रन करा, पण कमी वेगाच्या अचूकतेत त्याची किंमत मोजावी लागेल. सिमेन्सच्या G120 मध्ये हे काम p1900 पासून सुरू होतं.

३. मोटरला बाहेरचा ब्लोअर लावा. बीमिंगमध्ये ही मोटर ७६ टक्के टॉर्क १६० आरपीएमच्या खाली देते, तिथे शाफ्टवरचा पंखा नुसता शोभेचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बहुतेक ड्राइव्हची पूर्ण क्षमता चाळीस अंशांपर्यंतच दिलेली असते, तेव्हा पॅनलच्या हवेचाही विचार करा. वाइंडिंगमध्ये पीटी१०० असेल तर तो ड्राइव्हला जोडा, म्हणजे रेझिस्टन्स तापमानाप्रमाणे सुधारता येतो. याने खड्डा अरुंद होतो, बुजत नाही.

४. डीसी बसची सोय करा. ४० मीटर प्रति मिनिटाला ड्रमकडून तेराशे वॅटच्या आसपास शक्ती परत येते, तीही सलग. शक्य असेल तर बीमच्या ड्राइव्हची आणि ड्रमच्या ड्राइव्हची डीसी बस एक करा, म्हणजे परत आलेली वीज बीमच खाऊन टाकतो. नाहीतर ब्रेकिंग रेझिस्टर सलग कामाचा घ्या. क्रेनसाठीचा काही सेकंदांचा रेझिस्टर इथे लाल होईल.

इथे एक फसवी गोष्ट आहे. ५ मीटर प्रति मिनिटाला परत येणारी यांत्रिक शक्ती जेमतेम १६७ वॅट असते आणि स्टेटरच्या तांब्यातच चारशे वॅटहून जास्त जळतात. म्हणून डीसी बस वाढलेली दिसत नाही. बस वाढत नाही म्हणजे मोटर ब्रेक करत नाही, असा निष्कर्ष काढू नका.

५. टॉर्क खरा आहे का, ते काट्यावर तपासा. ताणा चढवण्याआधी ड्रमला मजबूत पट्टा गुंडाळा, तीनशे किलोचा क्रेनचा काटा मध्ये घाला आणि दुसरं टोक पायाच्या चॅनेलला बांधा. जवळ कुणाला उभं करू नका. ड्राइव्ह टॉर्क मोडमध्ये ठेवून २० टक्के द्या, मग ४०. या मशीनला ते अनुक्रमे सुमारे ५० आणि १०० किलो दिसले पाहिजेत. गिअरच्या घर्षणामुळे पाच-सात टक्के इकडेतिकडे चालेल. हीच चाचणी मोटर दोन-तीन तास चालून तापल्यावर पुन्हा करा. थंड आणि गरम यांत वीस टक्क्यांचा फरक आला तर तापमानाची सुधारणा चालू नाही असं समजा.

६. खड्डा प्रत्यक्ष शोधा. पूर्ण ताणावर बीमिंग सुरू करून वेग १५ मीटर प्रति मिनिटापासून दोन-दोनने खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा. आउटपुट फ्रिक्वेन्सी 01.06, टॉर्क 01.10 आणि मशीनवरच्या लोड सेलचा आकडा शेजारी शेजारी लिहा. ड्राइव्हचा टॉर्क ७६ वर स्थिर असताना लोड सेल घसरायला किंवा हलायला लागला, की तो वेग म्हणजे या मशीनची सेन्सरलेस मर्यादा. १५ मीटरला स्टेटर १.१ हर्ट्झवर असतो. तिथपर्यंत चांगल्या ड्राइव्हकडून अपेक्षा ठेवायला हरकत नाही. त्याखालचा प्रत्येक मीटर तपासूनच मान्य करा.

बिघाड कसा ओळखायचा

खड्ड्यातल्या ड्रमची लक्षणं दोन प्रकारची असतात. एकात फ्लक्सचा अंदाज हळूहळू सरकतो: पॅनलवर टॉर्क बरोबर दिसतो, ताणा मात्र ढिला पडून झोळ येतो आणि करंट विनाकारण चढतो. दुसऱ्यात मोटर झटके देते, दर एक-दोन सेकंदांनी ताण उसळतो आणि कडेची टोकं तुटतात. सकाळी ठीक आणि दुपारी बिघडतं असं असेल तर संशय आधी रेझिस्टन्सवर घ्या. ड्रम पूर्ण थांबलेला असताना ड्राइव्हवर अंदाजी वेग काही आरपीएम दिसत राहिला, तर तोही त्याच रोगाचा पुरावा.

व्हेक्टर ड्राइव्हवर आणखी एक लक्षण असतं. G120 सारखे ड्राइव्ह ठरावीक वेगाखाली, म्हणजे p1755 च्या खाली, मोटर मॉडेलवरचं क्लोज्ड लूप नियंत्रण सोडून ठरलेला करंट ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने ढकलायला लागतात. तो करंट किती टॉर्कसाठी असावा ते p1610 मध्ये द्यायचं असतं. क्रेन किंवा कन्व्हेयरला हा उपाय उत्तम आहे, कारण मोटर निदान सुटत नाही. ड्रमला त्याचा उपयोग नाही: आपल्याला ठरलेला टॉर्क हवा असतो आणि त्या पट्ट्यात ड्राइव्ह टॉर्क सांभाळतच नाही. बदलाच्या वेगाला दर वेळी ठराविक जागी एक हिसका बसतो. लोड सेलच्या आलेखावर तो पायरीसारखा स्पष्ट दिसतो. पीआय गेन बदलून तो जाणार नाही.

वेगाच्या अचूकतेचीही हीच गत. एन्कोडरशिवाय डीटीसीची स्थिर अचूकता रेटेड स्लिपच्या दहा टक्के सांगितली जाते. या मोटरला ते ३.५ आरपीएम. १५९ वर ते नगण्य आहे, पण २० आरपीएमवर सतरा-अठरा टक्के. आणि हा दावाही खड्ड्याच्या बाहेरचा.

मग करायचं काय

सरळ उपाय एन्कोडर. ड्रमच्या मोटरवर १०२४ पल्सचा एचटीएल इन्क्रिमेंटल एन्कोडर पुरतो. २० आरपीएमला चारी कडा धरून सेकंदाला सुमारे १३६० कडा मिळतात, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या आत नवी माहिती. वेग माहीत झाला की ड्राइव्ह फ्लक्स करंट आणि वेगावरून काढतो, व्होल्टेजची गरज राहत नाही आणि शून्य हर्ट्झला भिंत उरत नाही. रोटर तापला की रोटरचा टाईम कॉन्स्टंट बदलून टॉर्कमध्ये काही टक्के चूक येते, पण ती सावकाश येते आणि लोड सेलचा ट्रिम ती सांभाळतो. डीटीसी असो वा व्हेक्टर, एन्कोडर लावल्यावर या ड्रमवर दोघांत निवड करण्याजोगा फरक राहत नाही.

जोडणीत A, A उलटा, B, B उलटा या जोड्या पिळलेल्या शील्ड केबलमध्ये आणा. शील्ड ड्राइव्हच्या बाजूला पूर्ण गोलाकार क्लॅम्पने अर्थ करा आणि मोटरच्या पॉवर केबलपासून दूर न्या. एन्कोडरचं कपलिंग इन्सुलेटेड घ्या. 90.41 मध्ये एन्कोडर निवडण्याआधी मोटर अंदाजी वेगावर फिरवा आणि 01.02 मधला अंदाजी वेग व 01.04 मधला एन्कोडरचा वेग यांचं चिन्ह एक आहे का पाहा. चिन्ह उलटं असताना एन्कोडर चालू केला तर मोटर काही आरपीएमवर थरथरते आणि करंट लिमिटला जाऊन बसतो. त्या वेळी A आणि B बदला, मोटरचे फेज बदलू नका. नाहीतर ड्रमचीच दिशा उलटेल.

एन्कोडरला जागाच नसेल तर १५ मीटर प्रति मिनिटाच्या खाली ड्रमचा ताण हवेच्या डिस्क ब्रेककडे द्या आणि ड्राइव्हचा टॉर्क त्याच वेळी उतरवा. ताण पूर्ण उभा असताना थांबायचं असेल तरी हाच ब्रेक हवा. तासभर जेवणाच्या सुट्टीत मोटरने ताण धरून ठेवणं म्हणजे वाइंडिंग भाजणं. सरकवताना ताण कमी करण्याचा तिसरा उपाय सुचवला जातो. पण टॉर्क ३० टक्क्यांवर आणला तर खड्डा २.६ मीटर प्रति मिनिटावर जातो आणि ५ मीटरला स्टेटर ०.३ हर्ट्झवर येतो. संकट थोडं सरकतं, इतकंच. मोटरमध्ये उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल टाकून रोटरची जागा शोधणारी पद्धतही आहे, पण ती आत मॅग्नेट पुरलेल्या सिंक्रोनस मोटरवर चालते. साध्या स्क्विरल केज मोटरवर तिच्या भरवशावर राहू नये.

डीटीसीची चपळाई जिथे खरोखर उपयोगी पडते, त्या जागा वेगळ्या आहेत. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात उसाच्या चॉपरवर मोळीचा गठ्ठा एकदम पडतो तेव्हा टॉर्क दोन मिलिसेकंदात धरला जाणं कामाचं असतं, आणि ती मोटर पूर्ण वेगावर असल्यामुळे एन्कोडरशिवायही भागतं. वार्पिंगच्या ड्रमवर मात्र ड्रमचं वजन आणि धाग्याची लवचीकता मिळून ताण बदलायला शेकडो मिलिसेकंद लागतात. तिथे दोन आणि दहा मिलिसेकंदांच्या टॉर्कमधला फरक कुणाच्याच हाताला लागत नाही. डीटीसीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी ते एन्कोडर, ब्लोअर आणि लोड सेलवर घाला.